बाबा, चक्कर नेमकी कधी येते?

‘तुम्ही फोनवर म्हणालात, जरा चक्कर येते, एवढंच. त्या एवढंचने माझी झोप उडाली आहे.’ मेलबर्नला राहणाऱ्या एका मुलीने साताऱ्यातल्या आपल्या ७८ वर्षांच्या वडिलांना लिहिलेलं पत्र असं सुरू होतं. पत्र प्रातिनिधिक आहे. मुलं परदेशी आणि आईवडील इकडे अशा अनेक घरांमध्ये जे घडतं, त्यातले तपशील या एका पत्रात एकत्र केले आहेत. वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. रक्तदाबाचा त्रास वीसेक वर्षांचा, मधुमेह बारा वर्षांचा. पत्नी गेल्यापासून एकटेच राहतात. स्वयंपाकाला बाई येतात आणि पलीकडच्या ब्लॉकमध्ये पुतण्याचं कुटुंब आहे. दिवस मे महिन्याचे.

व्हिडिओ कॉलच्या जमान्यात पत्र कशाला, असा प्रश्न पुतण्यालाही पडला होता. दर रविवारी बापलेकीची पाऊण तास गाठ पडते. बाबा दाढी करून, स्वच्छ सदरा घालून खुर्चीत बसलेले असतात आणि चेहरा तजेलदार दिसतो. गंमत अशी की काही दुखणी खुर्चीत बसलेल्या माणसात दिसतच नाहीत. माणूस उठून उभा राहिला की ती प्रकट होतात, पुन्हा बसला की नाहीशी होतात. कॅमेऱ्यापुढे बाबा कायम बसलेलेच असल्यामुळे मुलीला गेले दोन महिने जे चाललं होतं त्याचा पत्ताच नव्हता. दवाखान्यातही तेच. रक्तदाब मोजला जातो तो स्टुलावर बसवून.

शिवाय फोनवर विचारलं की बाबा उत्तर देत नाहीत, धीर देतात. ‘मी ठणठणीत आहे, तू तुझं बघ.’ पत्रातल्या प्रश्नाला असं झटकता येत नाही. तो दोनतीन दिवस टेबलावर पडून राहतो, बाईंना विचारून त्याचं उत्तर भरता येतं, आणि मुख्य म्हणजे तोच कागद डॉक्टरांपुढे ठेवता येतो.

तिच्या पत्रात काळजी आहे, थोडा रागही आहे, पण त्यातले प्रश्न मात्र नीट विचार करून बेतलेले आहेत. ‘चक्कर कशी येते ते मला सांगू नका,’ ती लिहिते. ‘कधी येते, त्याआधीच्या मिनिटात तुम्ही काय करत होतात आणि ती किती वेळ टिकते, एवढंच लिहा. अंथरुणातून उठताना येते का? अंथरुणात कूस बदलताना येते का? नुसतं बसलेलं असतानाही येते का? बसलं की थांबते का? गेल्या तीन महिन्यांत कोणती नवी गोळी सुरू झाली? दुसऱ्या डॉक्टरांची असली तरी लिहा. मेडिकलमधून स्वतःहून काही आणलंत का? आणि खरं सांगा, पडलात का?’

कशी येते ते सांगू नका, हे वाचून बाबांना नवल वाटलं. डॉक्टर तर आधी तेच विचारतात! ते खरंच आहे. १९७२ साली ड्रॅकमन आणि हार्ट या दोन अमेरिकी डॉक्टरांनी चक्करचे चार प्रकार पाडले. आजूबाजूचं जग गरगरतं तो एक, शुद्ध हरपेलसं वाटतं तो दुसरा, चालताना तोल जातो तो तिसरा, आणि यांपैकी कशातच न बसणारं डोकं हलकं झाल्यासारखं वाटतं तो चौथा. गरगरलं तर कान, अंधारी आली तर हृदय किंवा रक्तदाब, तोल गेला तर नसा किंवा मेंदू, असा हा हिशेब. डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या याच पायावर शिकल्या.

पुढे हा पाया तपासला गेला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या न्यूमन-टोकर या मेंदूतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तातडीच्या विभागात चक्कर येते म्हणून आलेल्या रुग्णांना ती कशी येते हे विचारलं, आणि काही मिनिटांनी तेच पुन्हा विचारलं. निम्म्याहून अधिक रुग्णांनी दुसऱ्या खेपेला वेगळंच उत्तर दिलं. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. चक्कर किती वेळ टिकली आणि कशामुळे सुरू झाली, या प्रश्नांची उत्तरं मात्र बरीच जास्त सुसंगत होती. म्हणजे रुग्णाला अनुभव शब्दांत पकडता येत नाही, पण घड्याळ आणि हालचाल त्याच्या लक्षात राहते. मुलीच्या प्रश्नांमागे हा विचार होता.

काळ आणि कारण एवढं कळलं तरी बराच गुंता सुटतो. कूस बदलताना, माळ्यावरचा डबा काढायला मान वर करताना किंवा खाली वाकताना खोली गरकन फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते, ही बहुतेक वेळा आतल्या कानाची गडबड असते. तिथले कॅल्शियमचे बारीक कण आपली जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. डोकं हललं की ते कण घरंगळतात आणि मेंदूला वाटतं आपण फिरतो आहोत. यावर गोळी फारशी उपयोगाची नाही. डॉक्टर रुग्णाला पलंगावर निजवून त्याचं डोकं ठरावीक क्रमाने वळवतात आणि कण पुन्हा ठिकाणावर नेतात. एप्ली या अमेरिकी डॉक्टराच्या नावाने ही युक्ती ओळखली जाते, आणि पुष्कळ रुग्णांना पहिल्या एकदोन खेपांतच आराम पडतो. अडचण अशी की हे कण झोपलेला माणूस उठून बसतानाही घरंगळतात. म्हणून ‘सकाळी उठताना येते’ एवढ्या उत्तरावर काहीच ठरत नाही. पाठीवर निजून नुसती कूस बदलली तरी येते का, हे विचारावंच लागतं.

अचानक सुरू झालेली आणि तासन् तास न थांबणारी चक्कर ही निराळीच गोष्ट. माणसाला आधाराशिवाय उभं राहता येत नसेल, बोबडी वळत असेल, एकाचे दोन दिसत असतील, तोंड वाकडं झालं असेल किंवा एक हात लुळा पडला असेल, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. इथे पत्रोत्तराला वेळ नसतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यामुळे १०८ ला फोन करून जवळच्या मोठ्या रुग्णालयात पोचणं एवढंच हाती असतं. मुलीने पत्रात हे वेगळ्या चौकटीत लिहिलं आणि पुतण्याला ती चौकट फ्रिजवर चिकटवायला सांगितली. काही सूचना न देता माणूस एकदम कोसळणं, चक्करबरोबर छातीत दुखणं, शौचाला डांबरासारखं काळं होणं, आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असताना डोक्याला मार लागणं, हेही त्याच चौकटीत होतं.

बाबांचं उत्तर आठवड्याने आलं. पुतण्याने कागदाचे फोटो काढून पाठवले होते. धरणाच्या पाण्याची पातळी रोज नोंदवण्यात उमेद गेलेला माणूस. त्यांनी आखीव रकाने पाडले होते. पहाटे तीनला लघवीला उठताना, पलंगापासून दाराशी पोचेपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी; भिंतीला धरून उभं राहिल्यावर अर्ध्या मिनिटात ओसरते. सकाळी नऊच्या सुमारास पूजा आटोपून पाटावरून उठताना तेच. शौचाहून उठताना कधीकधी. संडास जुन्या पद्धतीचा, उकिडवं बसावं लागतं. कूस बदलताना नाही. खुर्चीत बसलेलं असताना नाही. शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात: ‘एकदा पडलो. देवघराच्या उंबऱ्यापाशी. लागलं नाही.’ हे त्यांनी चार आठवडे कुणाला सांगितलं नव्हतं.

तीनही प्रसंगांत एक गोष्ट समान होती. आडवा किंवा बसलेला माणूस उभा राहत होता.

उभं राहणं ही शरीराच्या दृष्टीने साधी घटना नाही. माणूस उभा राहताच अर्धा ते एक लिटर रक्त पायांत आणि पोटाच्या शिरांत उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि दाब घसरू लागतो. मानेतल्या धमन्यांत आणि हृदयाजवळच्या महाधमनीत दाबाची खबर ठेवणारी मज्जातंतूंची टोकं असतात. ती मेंदूला कळवतात, तिथून हुकूम सुटतो, पायांतल्या आणि पोटातल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि नाडी जलद होते. हे सगळं काही सेकंदांत होतं, म्हणून तरुण माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. वय वाढलं की धमन्या ताठर होतात आणि ही यंत्रणा सुस्तावते. खूप वर्षांच्या मधुमेहात तर हुकूम पोचवणाऱ्या नसाच झिजतात. मग मेंदूला मिळणारं रक्त काही क्षण कमी पडतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. निजलेला माणूस उभा राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर डॉक्टर त्याला उभं राहिल्यावर होणारी रक्तदाबाची घसरण म्हणतात. १९९६ साली अमेरिकेतल्या मज्जातंतूतज्ज्ञांनी ठरवलेली ही व्याख्या आजही मूळ रूपात वापरात आहे.

पण बाबांचं वय आणि मधुमेह काही दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेले नव्हते. त्रास मात्र दोन महिन्यांचाच होता. तेव्हा आधी नव्हतं आणि आता आहे असं काय, हे शोधायला हवं होतं. ते औषधांच्या डब्यात सापडलं.

बाबांनी प्रत्येक गोळीच्या पाकिटाचा फोटो पाठवला होता. मुलीने तसं बजावलंच होतं, कारण ‘एक पांढरी, एक गुलाबी’ या वर्णनावरून कुणालाच काही कळत नाही. रक्तदाबाची एक गोळी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड या दोन औषधांची मिळून. यातलं दुसरं औषध लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर टाकून दाब कमी करतं. दुसरी गोळी अमलोडिपिन, रक्तवाहिन्या सैल करणारी. तिसरी मधुमेहाची मेटफॉर्मिन. आणि चौथी टॅमसुलोसिन: रात्री चार वेळा उठावं लागतं म्हणून मूत्ररोगतज्ज्ञांनी प्रोस्टेटसाठी सुरू केलेली. ती बरोबर दोन महिन्यांपूर्वीची.

टॅमसुलोसिन मूत्राशयाच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटमध्ये असलेल्या स्नायूंची आवळ सोडवते, त्यामुळे लघवी मोकळी होते. मात्र हे स्नायू ज्या संदेशाने आवळतात, त्याच जातीच्या संदेशाने रक्तवाहिन्यांच्या भिंतीही आवळतात. टॅमसुलोसिन मुख्यतः प्रोस्टेटवर काम करेल अशा बेताने बनवलेली आहे, तरी रक्तवाहिन्यांवर तिचा थोडा परिणाम होतोच. बाबांच्या लेखी ती ‘लघवीची गोळी’ होती, तिचा बीपीशी काय संबंध? म्हणून बीपीच्या डॉक्टरांकडे जाताना त्यांनी तिची फाइल नेलीच नाही. दोन डॉक्टर, दोन फायली, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या फायलीतलं ठाऊक नाही. आपल्याकडच्या ज्येष्ठांच्या औषधांत निम्मे घोळ या एका गोष्टीने होत असावेत.

त्यात गोळ्या घेण्याची तऱ्हा. सकाळी सातला चहाच्या आधी चारही गोळ्या एका घोटात, ‘एकदाच उरकून टाकतो.’ टॅमसुलोसिन जेवणानंतर घ्यायची असते. रिकाम्या पोटी घेतली तर ती रक्तात लवकर आणि जास्त प्रमाणात उतरते. पुढे दोन तासांनी, तिन्ही औषधांचा अंमल चढत असताना, बाबा पाटावरून उठत होते.

आणखी एक गोष्ट बाबांनी सहज जाता जाता लिहिली होती, ती डॉक्टरांनी पुढे लाल शाईने अधोरेखित केली. रात्री उठायला लागू नये म्हणून ते दुपारी चारनंतर पाणीच पीत नव्हते. मे महिना, लघवी वाढवणारं औषध आणि वर पाण्याचा उपास! रक्ताचं आकारमानच कमी झालं, तर उभं राहिल्यावर वर पाठवायला रक्त आणायचं कुठून?

मेडिकलमधून आणलेली गोळीही निघाली. दुकानदाराने दिलेली ‘चक्करची गोळी’, सिनारिझिनची, तीन आठवडे चालू होती. बाबांच्या प्रकारच्या चक्करवर तिचा उपयोग नाही. उलट तिने सुस्ती येते, आणि वृद्ध माणसाने ती महिनोन् महिने घेतली तर पार्किन्सनसारखी लक्षणं दिसू लागतात. हालचाल मंदावते, अंग ताठरतं, हात थरथरतो. मग पडण्याचा धोका आणखी वाढतो, आणि चक्कर बळावली असं समजून गोळीही वाढवली जाते. मळमळीसाठी आणि चक्करसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या प्रोक्लोरपेराझिनबद्दलही हेच सांगता येईल.

इथे मुलीने एक शहाणपणा केला. तिला गुन्हेगार सापडल्यासारखं वाटत होतं, तरीही ‘टॅमसुलोसिन बंद करा’ असं तिने लिहिलं नाही. परदेशातून फोनवर गोळ्या बंद करवणारी मुलं आणि त्यानंतर लघवी तुंबून रात्री दवाखाना गाठणारे वडील, ही जोडी डॉक्टरांच्या परिचयाची आहे. तिने दुसऱ्या पत्रात फक्त मोजायला सांगितलं.

मोजण्याची पद्धत सोपी आहे, पण तिला शिस्त लागते. दंडाला पट्टा बांधायचं इलेक्ट्रॉनिक मशीन चालतं. सकाळी गोळ्यांच्या आधी पाच मिनिटं उताणं निजून राहायचं, न बोलता. निजूनच पहिला आकडा घ्यायचा, नाडीसकट. मग उभं राहायचं आणि एक मिनिटाने दुसरा, तीन मिनिटांनी तिसरा आकडा घ्यायचा. उभं असताना हात खाली लोंबकळत ठेवला तर आकडा खोटाच जास्त येतो आणि घसरण झाकली जाते, म्हणून हात टेबलावर किंवा कुणाच्या हातावर छातीच्या उंचीला ठेवायचा. एकट्याने हे करायचं नाही. पुतण्या शेजारी उभा, मागे खुर्ची. अंधारी आली तर आकड्याचा हट्ट न धरता लगेच बसायचं आणि ‘उभं राहवलं नाही’ असं लिहायचं. डॉक्टरांच्या दृष्टीने तीही नोंदच. एका दिवसाच्या आकड्यावर विसंबायचं नाही, कारण ही घसरण रोज सारखी नसते. पहाटे जास्त असते, दुपारी कधी दिसतही नाही. नाडी अनियमित असेल तर मशीन फसतं, तेव्हा अशा माणसाचा दाब डॉक्टरांकडेच मोजून घेतलेला बरा.

तीन सकाळींचे आकडे आले. मधल्या दिवसाचे असे: निजून १४२/७८, नाडी ७२. एक मिनिटाने उभ्याने ११६/६८, नाडी ७८. तीन मिनिटांनी ११२/६६, नाडी ८०. वरचा दाब ३० ने उतरला होता. बाकीचे दोन दिवसही याच्या आसपास.

या आकड्यांत दाबाइतकीच नाडी बोलकी आहे. शरीरात पाणी कमी पडलं असतं आणि नसा धडधाकट असत्या, तर दाब घसरताच नाडीने चांगलीच उसळी मारली असती. बाबांचा दाब ३० ने उतरला आणि नाडी वाढली जेमतेम ८ ने. दाबाच्या घसरणीच्या निम्म्यानेही नाडी वाढत नसेल, तर हुकूम पोचवणाऱ्या नसा थकल्याची शंका घ्यावी, असा डॉक्टरांचा एक ढोबळ ठोकताळा आहे. नाडी मंद करणारी हृदयाची औषधं चालू असतील तर तो लागू पडत नाही. बाबांना ती नव्हती. म्हणजे गोळ्या आणि पाणी यांनी चक्कर बाहेर काढली खरी, पण खालची जमीन मधुमेहाने आधीच भुसभुशीत केलेली होती.

पुतण्याबरोबर बाबा फिजिशियनकडे गेले ते दोन्ही फायली, पाकिटांचे फोटो आणि आकड्यांचा कागद घेऊन. बसवून मोजलेला दाब १३०/७६ भरला. तेवढाच पाहिला असता तर शाबासकी मिळाली असती. डॉक्टरांनी कागद वाचला, निजवून आणि उभं करून स्वतः मोजलं, कार्डिओग्राम काढला आणि रक्त तपासायला पाठवलं: हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, बी-१२. यातलं बी-१२ उगाच नव्हतं. बाबा शाकाहारी, आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी होतं. त्यानेही नसा झिजतात. ते काठावर निघालं. सोडियम १३१ आलं, जे १३५ च्या वर हवं. ‘आजोबांचं सोडियम कमी झालं’ हे वाक्य हल्ली घराघरांत ऐकू येतं. त्यामागे अनेकदा हे लघवी वाढवणारं औषध असतं, हे मात्र क्वचित सांगितलं जातं.

पुढे जे झालं ते एखाद्या गोळीचं नाव खोडण्याइतकं सरळ नव्हतं. निजून १४२ असलेला दाब सगळी औषधं बंद करून मोकाट सोडता येत नाही. डॉक्टरांनी हायड्रोक्लोरोथायझाइड काढलं आणि नुसती टेल्मिसार्टन ठेवली. अमलोडिपिन तशीच राहिली. सिनारिझिन बंद. मूत्ररोगतज्ज्ञांशी फोनवर बोलणं झालं. टॅमसुलोसिनने रात्रीच्या खेपा चारवरून दोनवर आल्या होत्या, त्यामुळे ती एकदम थांबवण्यापेक्षा रात्रीच्या जेवणानंतर घेऊन पाहावी असं ठरलं. याला एक किंमत होती. रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल पहाटेच्या खेपेला जाणवू शकतो. म्हणून पलंगाशेजारी युरिनल पॉट आला. बाबांना तो अपमान वाटला. ‘मी काय अंथरुणाला खिळलोय?’ मुलीने त्यावर फक्त एवढंच लिहिलं की तुम्ही देवघरापाशी पडलात तेव्हा दिवस होता.

पाणी दिवसभरात वाटून आणि बहुतेक संध्याकाळी सहाच्या आत संपवायचं ठरलं. किती, ते डॉक्टरांनीच ठरवलं, कारण हृदय किंवा मूत्रपिंड दुबळं असलेल्याला भरपूर पाणी हा सल्ला घातक ठरतो. मीठ वाढवा, असं शेजारच्या एका गृहस्थांनी सुचवलं होतं. रक्तदाबाच्या रुग्णाने ते ऐकून मनाने करायची गोष्ट नाही. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू अर्धा फूट उचलली. डोकं किंचित वर राहिलं की रात्री मूत्रपिंडं कमी मीठ-पाणी बाहेर टाकतात, त्यामुळे रात्रीची लघवीही थोडी घटते आणि सकाळचा दाबही कमी कोसळतो. उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायचं, पावलं वरखाली करत पोटऱ्या आवळायच्या, मग उभं राहायचं आणि क्षणभर थांबूनच पाऊल टाकायचं. पोटऱ्यांचे स्नायू आवळले की पायांत साचलेलं रक्त वर ढकललं जातं. पूजेला पाटाऐवजी स्टूल आलं. त्यावर बाबा दोन दिवस कुरकुरले, मग सरावले. संडासात भिंतीला दांडी आणि वर कमोडची खुर्ची बसवायला गवंडी मिळेपर्यंत जून उजाडला.

तीन आठवड्यांनी पुन्हा मोजलं. निजून १४६/८०, तीन मिनिटांनी उभ्याने १३०/७४. घसरण १६. सोडियम १३६ वर आलं. पहाटेची अंधारी गेली, पाटाचा प्रश्नच उरला नाही. मधुमेहाने झिजलेल्या नसा काही परत आल्या नाहीत, येणारही नाहीत, त्यामुळे उद्या जुलाब झाले, ताप आला किंवा एखादं नवं औषध सुरू झालं, तर हीच चक्कर पुन्हा डोकं वर काढेल. डॉक्टरांनी बाबांना तसं स्पष्ट सांगितलं आणि चारही औषधांची नावं, मात्रा आणि वेळा लिहिलेलं कार्ड खिशात ठेवायला दिलं. ते यापुढे प्रत्येक डॉक्टरापुढे ठेवायचं, दातांच्यासुद्धा.

एक प्रश्न अजून उरला आहे. बाबांनी ताज्या पत्रात लिहिलंय की दुपारच्या जेवणानंतर तासाभराने, विशेषतः आमरसाच्या दिवशी, बसल्या जागी ग्लानी येते. सगळे याला वामकुक्षी म्हणतात. पण भरपेट जेवणानंतर पचनासाठी पोटाकडे पुष्कळ रक्त वळतं, आणि ज्यांच्या नसा थकलेल्या असतात त्यांचा दाब जेवणानंतरच्या दोन तासांत २० किंवा त्याहूनही अधिक उतरू शकतो. गोड आणि पिठूळ जेवणाने तो जास्त उतरतो. मुलीने जेवणाआधी एकदा आणि नंतर दर अर्ध्या तासाने असे दोन तास आकडे घ्यायला सांगितले आहेत. एक दिवस आमरस-पोळी खाऊन आणि एक दिवस नेहमीचं अर्धं जेवण जेवून. आमरसाचा दिवस आधी घ्यायचा, असं बाबांनी स्वतःच ठरवलं आहे.